आईच्या प्रश्नापुढची चांदणी

भाषाशास्त्रात एखादं वाक्य चुकीचं आहे असं दाखवायचं असलं, की त्याच्या आधी एक बारीकशी चांदणी छापतात. 'मी काल जाईन' या वाक्याला चांदणी लागते, 'मी उद्या जाईन' याला लागत नाही. चांदणीचा अर्थ एवढाच, की ही भाषा बोलणारं कुणीही माणूस असं म्हणणार नाही.

नेदरलँड्समध्ये लायडनला संशोधन करत असताना मी एक दिवस छपाईयंत्रातून बाहेर येणारा कागद उचलला, आणि माझ्या आईच्या वाक्यापुढे चांदणी दिसली.

वाक्य होतं 'जेवली काय?'. आई मला फोनवर पहिलं हेच विचारायची. आम्ही यवतमाळकडचे. आमच्याकडे हो-नाहीचा प्रश्न विचारताना 'का' म्हणतात तसं 'काय'ही म्हणतात. 'आला काय?', 'झालं काय?', 'जेवली काय वं?' यात 'काय'चा अर्थ 'कोणती वस्तू' असा नसतो. ते फक्त वाक्याला प्रश्न करतं. कागदावर चांदणी तर होतीच, खाली बारीक अक्षरांत एक टीपही होती: हे रूप हिंदीच्या प्रभावाखालच्या, अप्रमाण बोलीतलं असल्यामुळे विचारात घेतलेलं नाही. आणि अगदी शेवटी आभार. त्यात माझा उल्लेख 'माहिती देणारी' असा होता.

तो लेख सरांचा होता, अजून छापायला गेलेला नव्हता. आमच्या गटात मराठीवर काम करणारे दोघंच, ते आणि मी. ते पन्नाशीला आलेले, कायम नोकरीतले, माझे सहमार्गदर्शक. प्रमुख मार्गदर्शक एक डच बाई होत्या, उंच, कमी बोलणाऱ्या, पावसातही सायकलवर ताठ बसणाऱ्या. प्रकल्पाचा विषय होता जगातल्या भाषा प्रश्न कसे विचारतात. आम्ही प्रत्येकजण आपापल्या भाषेचं बघायचो. डचमध्ये हो-नाहीचा प्रश्न करायचा तर क्रियापद उचलून वाक्याच्या तोंडाशी आणतात, एवढ्यावर भागतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची चिनी मुलगी शेवटी 'मा' लावायची. पलीकडची जपानी बाई शेवटी 'का' लावायची, आणि पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी आपापला 'का' एकमेकींना ऐकवून हसलो होतो. मग लक्षात आलं की तिचा 'का' 'काय खाल्लंस' यासारख्या प्रश्नालाही लागतो, आपला नाही लागत. आपल्याकडे 'काय' किंवा 'कोण' एकदा आलं, की वेगळा 'का' नको.

मी आले तेव्हा सरांनी फार आपुलकीनं वागवलं. महापालिकेत नाव नोंदवायला बरोबर आले, जुनी सायकल मिळवून दिली. वहिनी दर शनिवारी जेवायला बोलवायच्या. सर मूळचे पुण्याचेच, असं ते स्वतः सांगायचे. त्यांचं मराठी ऐकताना माझं मराठी मला मळकं वाटायचं. माझ्या तोंडून 'करून राहिली' निघालं की ते हसून म्हणायचे, "करते आहे म्हण गं." मीही हसायचे. वर्षभर हसले.

त्याच वर्षात मी त्यांना माझं सगळं काम दाखवलं. मला दोन गोष्टी सापडल्या होत्या. पहिली म्हणजे आपला 'का' वाक्याच्या शेवटी येतो असं पुस्तकांत असतं, ते तितकं खरं नाही. तो क्रियापदाच्या पाठोपाठ येतो. 'येतोस का तू?' यात 'का' मध्येच आहे आणि वाक्य झकास आहे. दुसरी गोष्ट आवाजाची. 'रडतेस का?' हे कागदावर एकच वाक्य आहे, पण तोंडात दोन आहेत. 'रडतेस'वर जोर देऊन 'का' हलका सोडला, तर विचारणारा हो किंवा नाही मागतो. 'का'वर जोर दिला, तर तो कारण मागतो. 'काय'चंही तसंच. 'खाल्लंस काय?' यात 'काय' हलकं असेल तर जेवण झालं का एवढंच विचारलंय, आणि 'काय'वर आवाज दाबला तर ताटात काय होतं ते विचारलंय. मी हे आवाजाचे आलेख काढून दाखवलं होतं. सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले होते, "छान आहे गं. अजून कच्चं आहे, पण छान."

आता ते कच्चं सगळं त्यांच्या लेखात पिकून आलं होतं. आलेखसुद्धा माझेच. शीर्षकाखाली नाव एकच.

मी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

"सर, हे माझं काम आहे ना?"

त्यांनी चष्मा काढला. "अगं, कल्पना गटाच्या असतात. तू नवीन आहेस म्हणून तुला असं वाटतं. तुझे आभार मानलेत की."

"माहिती देणारी म्हणून."

"मग तू दिलीस ना माहिती?"

"आणि 'काय'ला चांदणी?"

ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, तुमच्याकडे हिंदीचं फार मिसळलंय. 'है क्या, है क्या' ऐकून ऐकून तुम्ही शेवटी 'काय' लावता. घरी बोलायला ठीक आहे. पण आपण मराठीचं व्याकरण सांगतोय. तुझी आई काय बोलते ते सांगत नाही."

त्यांनी आई काढली नसती, तर मी कदाचित बाईंकडे तक्रार करून, रडून मोकळी झाले असते. ते म्हणाले त्यात 'तुमच्याकडे' होतं. त्या एका शब्दात माझं गाव, माझी वस्ती, माझं आडनाव, सगळं त्यांनी नीट घडी करून बाजूला ठेवलं होतं. मी "बरं सर" म्हणाले आणि बाहेर आले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी आधीपेक्षा गोड वागायला लागले. शनिवारी त्यांच्याकडे जेवायलाही गेले. वहिनींनी पुरणपोळी वाढली आणि सर म्हणाले, "रागावली नाहीस ना?" मी म्हणाले, "नाही सर." पोळी चांगली झाली होती. मी दोन खाल्ल्या आणि सगळा वेळ विचार करत राहिले की या माणसाला कुठे धरायचं.

धरायची जागा मला बेस्ट नावाच्या तिथल्या एका गावातल्या मराठी इंजिनियरनं दाखवली, आणि त्याला ते कळलंही नाही.

प्रकल्पात आम्ही लोकांचे आवाज एका खेळातून टिपायचो. दोन माणसं समोरासमोर बसवायची, मध्ये पडदा. दोघांपुढे एकाच गावाचे नकाशे, पण जरा वेगवेगळे. एकाच्या नकाशावर वाट काढलेली, दुसऱ्यानं ती बोलून बोलून शोधायची. वाट शोधणारा माणूस सारखे प्रश्न विचारतो, आणि थोड्या वेळानं आपण प्रयोगशाळेत आहोत हे विसरून घरच्यासारखा बोलायला लागतो. त्या खेळाचा मतलबच तो. हा इंजिनियर आइंडहोव्हनजवळ बेस्टला राहायचा, तिथल्या एका कंपनीत यंत्रांची कामं करायचा आणि आमच्या बोलावण्यावरून हौसेनं रेल्वेनं यायचा.

चांदणीनंतर तो पुन्हा एकदा आला, तेव्हा कॉफी पिताना सहज म्हणाला, "तुमचे सर नाहीत काय आज? आमच्याकडचेच की ते. कागलजवळचे."

"सर पुण्याचे आहेत."

"कॉलेजला गेले पुण्याला. मॅट्रिकपर्यंत तिकडंच. मागं मी आलो तेव्हा खेळलो की आम्ही, त्या पडद्यामागं. निम्म्या खेळात गाववाले सापडले म्हणून खूश झाले होते."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. मला आठवलं. पहिल्या हिवाळ्यात यंत्रं नीट चालतात की नाही ते बघायला आम्ही एक चाचणी घेतली होती. वाट शोधणारं कुणी आलं नव्हतं, म्हणून सर स्वतः बसले होते. ते ध्वनिमुद्रण इतरांसारखंच आकड्याच्या नावानं साठवलं होतं आणि नंतर कुणी उघडलंच नव्हतं.

इंजिनियर गेल्यावर मी कानाला हेडफोन लावून बसले. सुरुवातीला सर पुण्याचं बोलत होते, अगदी स्वच्छ. "मग नदी ओलांडायची का?" "इथून डावीकडे वळायचं का?" समोरचा माणूस कागलचा हेल काढून वाट सांगत होता. हळूहळू सरांचा आवाज सैल झाला, खाली उतरला. आणि मग ते आलं. "तिथं पूल आहे काय?" थोड्या वेळानं, "रस्ता वळतोय काय?" मग आणखी. 'काय' हलकं, शेवटी, अगदी माझ्या आईसारखं.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. मला इतका आनंद याआधी कशानंच झाला नव्हता, असं म्हटलं तर पटणार नाही, पण खरं आहे.

त्यातून कामाचंही काही निघत होतं. आमच्याकडचं 'काय' हिंदीमुळे आलं, असं सर म्हणत होते. मान्य, आम्ही हिंदीच्या सीमेवर. पण कागल खाली कर्नाटकाला लागून आहे, तिथल्या घराघरांत हिंदी कुठून येणार? तिथेही 'काय' लागत असेल, तर हिंदीचं कारण लंगडं पडतं. मी इंजिनियरला विचारून त्याच्या ओळखीची आणखी तिकडची माणसं मिळवली, बेस्टला जाऊन त्यांचा खेळ घेतला. सगळ्यांच्या तोंडी 'काय' होतं. शास्त्रासाठी एवढं पुरेसं होतं. मला शास्त्रापुरतं नको होतं.

वसंतात आमच्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा भरली. बाहेरच्या विद्यापीठांतून लोक आले, टिलबर्गहून एक सबंध गट आला. पहिल्या दिवशी सकाळी सरांनी आपला लेख वाचला. 'येतोस का तू'वर लोकांनी माना डोलावल्या. चांदणीचं वाक्य पडद्यावर आलं तेव्हा ते म्हणाले, "हे रूप मराठीभाषक स्वीकारत नाहीत," आणि पुढे गेले. दुपारी विद्यार्थ्यांच्या छोट्या बोलण्यात माझा नंबर होता. मी विषय ठेवला होता, वाक्य बरोबर की चूक हे ठरवतं कोण.

मी पडद्यावर एकच वाक्य टाकलं. रोमन लिपीत, खाली शब्दाशब्दाचा अर्थ, त्याखाली आवाजाचा आलेख. तिथं पूल आहे काय. मी म्हणाले, "हे खेळात कुणीतरी बोललेलं आहे. सुदैवानं खोलीत मराठीचे तज्ज्ञ आहेत, त्यांचंच मत घेऊ." मग मी सरांकडे वळले. सगळं इंग्रजीत चाललं होतं. इंग्रजीतही प्रश्न करायला 'इज' पुढे आणावं लागतं. मी ते सावकाश पुढे आणलं. "सर, हा बोलणारा मराठीभाषक आहे का?"

सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून लोकांकडे बघितलं, हसले. "नाही. म्हणजे मराठी बोलतो तो, पण ही त्याची घरची भाषा नसावी. हिंदीवाला असेल, किंवा शिक्षण बेताचं असेल. या वाक्याला मी चांदणी देईन."

"नक्की?"

"नक्की."

मी बटण दाबलं.

आपलाच आवाज यंत्रातून ऐकला, की माणसाला क्षणभर तो परका वाटतो. सरांनाही वाटला असावा, कारण पहिल्या वाक्याला ते तसेच हसत होते. बाकीच्यांना तो परका वाटला नाही. सकाळी तासभर त्यांनी तोच आवाज ऐकला होता. दुसरं वाक्य आलं, मग तिसरं, आणि शेवटी सरांचं ते खास खाकरणं आलं, जे सकाळी लेख वाचतानाही सगळ्यांनी ऐकलं होतं. मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं. चिनी मुलीनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

सर उठून उभे राहिले. तेव्हा आमच्या डच बाई बोलल्या. बाईंच्या भाषेत 'हा तू आहेस का' असं विचारायचं तर क्रियापद आधी येतं, 'बेन येय दात?'. त्यांनी तसं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "दात बेन येय, तोख?" शब्दांची रचना सरळ विधानाची, आणि मागे 'तोख'. आपला 'ना'. हा तूच आहेस ना. असा प्रश्न विचारणारा उत्तर आधीच घेऊन बसलेला असतो.

सर म्हणाले, "मी समोरच्या माणसाच्या पद्धतीनं बोलत होतो. माणूस जुळवून घेतो."

मी याची वाट बघत होते. मी म्हणाले, "सर, समोरचा फक्त वाट सांगत होता. त्यानं तोवर एकही प्रश्न विचारला नव्हता. पूर्ण ध्वनिमुद्रण इथे आहे, सगळ्यांना ऐकवू का?"

"नको," ते म्हणाले आणि बसले.

मी त्यांचं नाव घेतलं नाही. बोलणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही असा नियम होता आणि मी तो अक्षरशः पाळला. बेस्टच्या बाकीच्या माणसांची वाक्यं दाखवली, कागल आणि यवतमाळमधलं अंतर नकाशावर दाखवलं आणि वेळेत संपवलं. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. टिलबर्गच्या एका माणसानं विचारलं, की मग सकाळच्या लेखातले आवाजाचे आलेख कुणी काढले होते, कारण दोन्हीकडची धाटणी एकच दिसते. मी म्हणाले, "मी." बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सरांकडे न बघता म्हणाल्या, "हूझो?" म्हणजे असं कसं काय. हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला ते सगळ्यांना कळलं.

दोन दिवसांनी सर माझ्या टेबलाशी आले. आमच्याशिवाय खोलीत कुणी नव्हतं. ते इतक्या हळू बोलले की मला खुर्ची वळवावी लागली.

"ते ध्वनिमुद्रण काढून टाकशील का?"

"हा प्रश्न आहे का विनंती आहे, सर?"

वाक्याची रचना प्रश्नाची होती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली कालव्यात कुणीतरी नाव धूत होतं.

"विनंती," ते म्हणाले.

"मग तसं म्हणा."

त्यांनी तसं म्हटलं. मग जायच्याऐवजी उभेच राहिले आणि मराठीत, अगदी पुण्याच्या मराठीत, म्हणाले, "पुण्याला पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडलं, की पोरं माझे 'काय' मोजायची. मोठ्यानं. वर्ष लागलं मला ते जायला. तुला कळायला हवं होतं."

मला कळलं. नीट कळलं, आणि त्यामुळे राग आणखी वाढला. ज्याला पोरांनी स्वतःच्या तोंडातला शब्द हसून हसून काढून टाकायला लावला, त्यानंच माझ्या आईच्या वाक्यावर चांदणी काढली होती. नकळत केलं असतं तर एक वेळ सोडलं असतं. मी म्हणाले, "तुमची ती पोरं तुमचं काम स्वतःच्या नावावर छापत होती का?"

ते गेले. ध्वनिमुद्रण मी त्याच दुपारी काढून टाकलं. बोलणाऱ्यानं मागितलं तर काढायचं, असा नियम होता, आणि मला त्याची गरजही उरली नव्हती. बेस्टची माणसं होतीच.

लेख छापून आला तेव्हा त्यावर दोन नावं होती, माझं आधी. बाईंनी कुणाशी काय बोलणं केलं ते मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चांदणी गेली होती. 'जेवली काय' सरळ, ताठ मानेनं उभं होतं. माझं सहमार्गदर्शन सरांनी सोडलं. वहिनींचं शनिवारचं बोलावणं बंद झालं, आणि त्याचं मला वाईट वाटलं, कारण वहिनींनी माझं काही बिघडवलं नव्हतं. एकदा बाजारात त्या माशांच्या गाडीपाशी दिसल्या. मी नमस्कार केला. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "बरी आहेस ना?" उत्तराची वाट न बघता पुढे गेल्या.

लोकांनी मला नंतर विचारलं, इतकं करायची गरज होती का, खासगीत सांगता आलं नसतं का. आलं असतं. खासगीत मी एकदा सांगून बघितलं होतं, आणि मला उत्तरात आई मिळाली होती.

त्या शरद ऋतूत मराठी लोकांचा मेळावा झाला, एका शाळेच्या हॉलमध्ये. मुलं डचमध्ये ओरडत धावत होती, आईबाप मराठीत रागावत होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी सर आणि बेस्टचा इंजिनियर बसले होते. मी दुरून येताना ऐकलं, सर खुलून बोलत होते, खालच्या पट्टीत, कागलच्या हेलात. मी जवळ आले तसे ते इंग्रजीत शिरले. "सो, हाऊ इज वर्क," असं काहीतरी त्या बिचाऱ्याला म्हणाले. इंजिनियर गोंधळून दोघांकडे बघायला लागला.

हॉलमध्ये बसायला भरपूर जागा होती. मी ताट घेऊन त्यांच्याच टेबलाशी खुर्ची ओढली, आणि जेवण संपेपर्यंत हलले नाही. ते शेवटपर्यंत इंग्रजी बोलत राहिले.